सुई किती जड असेपर्यंत तरंगते?

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात पृष्ठताणाचा धडा आला की एक गणित हमखास येते. अमुक लांबीची सुई पाण्यावर अलगद आडवी ठेवली आहे. न बुडता ती जास्तीत जास्त किती वजनाची असू शकेल? उत्तराची रीतही ठरलेली आहे. पाण्याचा पृष्ठताण घ्यायचा, त्याला सुईच्या लांबीने गुणायचे आणि सुईला दोन बाजू असल्यामुळे आलेल्या संख्येची दुप्पट करायची. गणित सुटते, गुणही मिळतात. पण या रीतीत एक चमत्कारिक गोष्ट आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. उत्तर विचारले आहे वजनाचे, आणि ते मिळते लांबीवरून. सुई जितकी लांब, तितके जास्त वजन पाणी पेलणार. मग ‘जास्तीत जास्त वजन’ असे एकच काही उरतेच कुठे?

आकडे घातले की चित्र स्पष्ट होते. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण एक सेंटिमीटर लांबीच्या कडेला साधारण ०.०७४ ग्रॅम वजन पेलेल एवढा असतो. सुईच्या दोन्ही बाजू धरल्या तर सेंटिमीटरमागे ०.१५ ग्रॅम. चार सेंटिमीटरच्या सुईला ०.६ ग्रॅम, आठ सेंटिमीटरच्या सुईला १.२ ग्रॅम. म्हणजे मर्यादा आहे ती सेंटिमीटरमागच्या वजनाला. आणि पोलादाच्या गोल सुईचे सेंटिमीटरमागचे वजन ठरते फक्त तिच्या जाडीवरून. सेंटिमीटरला ०.१५ ग्रॅम भरणारी पोलादी सुई दीड मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त जाड असते.

त्यामुळे प्रश्न ग्रॅममध्ये विचारला असला तरी खरे उत्तर मिलिमीटरमध्ये आहे. दीड मिलिमीटर जाडीची, अगदी सरळ, मीटरभर लांबीची पोलादी तार सुमारे चौदा ग्रॅम भरते, आणि तत्त्वतः ती पाण्यावर राहू शकते. उलट दोन मिलिमीटर जाडीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो, तरी तो बुडतो.

घरातली शिवणाची सुई या मर्यादेच्या कितीतरी आत आहे. चार सेंटिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर जाड सुई घेतली, तर तिचे वजन जास्तीत जास्त ०.१६ ग्रॅम, सेंटिमीटरला ०.०४ ग्रॅम. पाणी पेलू शकते त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा. सुई पाण्यावर ठेवण्याचा प्रयोग शाळेतल्या मुलांनाही जमतो, त्याचे कारण हेच.

हा भार पेलला जातो तो कसा, हे समजून घेतले की मर्यादा कुठून येते तेही कळते. पाण्याचा पृष्ठभाग ही काही पाण्यावर अंथरलेली वेगळी साय नाही. पृष्ठभागावरच्या रेणूंना खालून आणि बाजूंनी ओढ असते, वरून जवळपास नसते. म्हणून पृष्ठभाग शक्य तेवढा आक्रसून राहू पाहतो आणि कुठेही वाकवला तर स्वतःच्याच दिशेने ताण देतो. सपाट पृष्ठभागाचा ताण आडवा असतो, त्यामुळे तो वजन उचलू शकत नाही. सुई ठेवली की ती थोडी खाली जाते, दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग तिरका होतो आणि त्या तिरक्या ताणाचा उभा हिस्सा सुईला वर धरतो. लहान मूल ठेवलेल्या झोळीसारखेच हे आहे: मूल जड तितकी झोळीची बाजू अधिक उभी होते. ०.८ मिलिमीटरच्या सुईला बारा-तेरा अंशांचा उतार पुरतो. सुई जाड होत जाते तसा उतार वाढत जातो. तो अगदी उभा, नव्वद अंशांचा झाला की ताणाकडे देण्यासारखे आणखी काही उरत नाही. पुस्तकातले ‘लांबी गुणिले पृष्ठताण गुणिले दोन’ हे उत्तर या शेवटच्या क्षणाचे आहे.

या खळग्याची खोली मोजण्यासारखी आहे. आपल्या ०.८ मिलिमीटरच्या सुईला पाणी जिथे चिकटते ती रेषा आजूबाजूच्या पातळीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त खाली असते. हिशेब पुढे नेला तर आणखी एक गोष्ट हाती लागते. सुईचा माथासुद्धा पाण्याच्या पातळीच्या खाली, साधारण पाव मिलिमीटर खाली असतो. सुई कोरडी दिसते, पाण्यावर दिसते, पण ती असते पाण्याच्या पातळीखाली, स्वतः केलेल्या चरात.

हे निरीक्षण चारशे वर्षांपूर्वीचे आहे आणि ते गॅलिलिओचे आहे. त्याआधी ॲरिस्टॉटलने आकाशाविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या शेवटी असा प्रश्न मांडला होता की लोखंडाचे किंवा शिशाचे चपटे पत्रे पाण्यावर राहतात, पण त्यांहून लहान आणि हलक्या गोल वा लांबट वस्तू, उदाहरणार्थ सुई, का बुडतात? तरंगणे हा आकाराचा खेळ आहे असे त्यावरून मानले जाई. १६११ मध्ये फ्लॉरेन्समध्ये यावर मोठा वाद पेटला. लुदोविको देल्ले कोलोंबे या गॅलिलिओच्या विरोधकाने एबनी लाकडाची पातळ चकती पाण्यावर ठेवून दाखवली. एबनीचे लाकूड पाण्यापेक्षा जड. त्याचा गोळा बुडतो, चकती मात्र राहते. १६१२ मध्ये गॅलिलिओने पाण्यावर राहणाऱ्या वस्तूंवर पुस्तकच लिहिले. त्यात त्याने दाखवून दिले की अलगद ठेवली तर सुईसुद्धा पत्र्याइतकीच नीट पाण्यावर राहते. म्हणजे ॲरिस्टॉटलचे उदाहरणच चुकले होते. आणि चकतीकडे बारकाईने पाहून त्याने लिहिले की ती पाण्याच्या पातळीवर नसतेच. ती खाली गेलेली असते आणि तिच्या भोवती पाण्याचे छोटे बांध उभे असतात.

गॅलिलिओने यावरून काढलेला निष्कर्ष अर्धा बरोबर होता. त्याचे म्हणणे असे की चकती आणि तिच्या वरच्या खळग्यातली हवा मिळून एकच वस्तू समजावी. या जोडवस्तूने पाण्यात व्यापलेली जागा धरली तर आर्किमिडीजचा नियम मोडत नाही. रुंद, चपट्या चकतीला हा हिशेब बराचसा लागू पडतो. सुईला मात्र तो पुरत नाही, कारण सुईच्या डोक्यावरची हवा फारच थोडी असते. ०.८ मिलिमीटरच्या सुईचा जवळपास ऐंशी टक्के भार पृष्ठताण पेलतो आणि उरलेला पाण्याचा नेहमीचा वर ढकलणारा दाब.

राहिलेला अर्धा भाग १९९८ मध्ये स्टॅनफर्डचे गणिती जोसेफ केलर यांनी सर्वसाधारण रूपात सिद्ध केला. पृष्ठताणाचे वर उचलणारे बल नेमके किती? तर वस्तूच्या बाहेर, दोन्ही बाजूंच्या उतारांमुळे जेवढे पाणी पातळीखालून बाजूला सरले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके. म्हणजे सुईने, तिच्या वरच्या खळग्याने आणि बाजूंच्या उतारांनी मिळून पाण्यात जेवढी जागा मोकळी केली, तेवढे पाणी सुईइतकेच भरते. आर्किमिडीजचा नियम सुईलाही लागू आहे, फक्त सुईची ‘होडी’ लोखंडाची नसून पाण्याच्याच वाकलेल्या पृष्ठभागाची आहे.

हे लक्षात घेतले की पुस्तकातल्या उत्तरात थोडी भर घालावी लागते. पृष्ठताणाचा ०.१५ ग्रॅम आहेच, शिवाय सुईच्या बुडलेल्या अंगावर पाण्याचा दाब काम करतो. पोलादाचे पृष्ठभाग पाण्याशी काटकोन करत असेल, तर सगळा हिशेब मिळून सेंटिमीटरला सुमारे ०.१८ ग्रॅम आणि जाडीत १.७ मिलिमीटर येतो. चार सेंटिमीटरच्या सुईला ०.७ ग्रॅमच्या आसपास. सुईच्या दोन टोकांकडूनही थोडा आधार मिळतो, पण तो ग्रॅमच्या दोन-तीन शतांशांपलीकडे जात नाही.

‘पाण्याशी काटकोन करत असेल तर’ ही अट मात्र नुसती ओलांडून जाण्यासारखी नाही. पाण्याचा पृष्ठभाग धातूला टेकतो तिथे पाण्याच्या बाजूने जो कोन होतो, त्याला स्पर्शकोन म्हणतात. पाणी धातूवर पसरू पाहत असेल तर हा कोन लहान, पाणी थेंब धरून बसत असेल तर मोठा. सुई खाली जाते तशी पाण्याची रेषा तिच्या अंगावरून वर चढत माथ्याकडे सरकते. स्पर्शकोन लहान असेल तर पृष्ठभाग पुरेसा उभा होण्याआधीच दोन्ही बाजूंच्या रेषा माथ्यावर येऊन मिळतात आणि पाणी सुईवरून वाहते. म्हणून मर्यादा फक्त पाण्याच्या ताणावर ठरत नाही. पोलादाच्या अंगाला काय लागले आहे, यावरही ठरते. स्पर्शकोन ६० अंश असेल तर मर्यादा १.५५ मिलिमीटरवर येते, ३० अंशांवर १.२ मिलिमीटरपेक्षाही खाली. आपली ०.८ मिलिमीटरची सुई तरायला तेरा-चौदा अंशांचा कोन पुरतो. अगदी स्वच्छ केलेल्या धातूवर पाणी चांगले पसरते, तेव्हा एवढाही कोन मिळेलच असे नाही. बोटांचा तेलकटपणा इथे कामी येतो. प्रयोगाआधी सुई साबणाने घासून धुणारा अपयशी होतो, आणि केसांतून एकदा फिरवून घेणाऱ्याला ती पहिल्याच खेपेला जमते.

साबणाचा थेंब टाकला की तरंगती सुई बुडते, हा दुसरा ठरलेला प्रयोग. साबण पृष्ठताण कमी करतो म्हणून सुई बुडते, असे त्याचे कारण सांगितले जाते. ते खरे आहे, पण पुरे नाही. साबणाच्या पाण्याचा पृष्ठताण साध्या पाण्याच्या ४० टक्क्यांच्या आसपास उरतो असे धरले, तरी सेंटिमीटरला ०.०६ ग्रॅम पेलण्याची ताकद शिल्लक राहते, आणि आपली सुई तर सेंटिमीटरला ०.०४ ग्रॅमच भरते. नुसत्या ताणाच्या हिशेबाने ती तरायला हवी. ती बुडते, कारण साबण पाण्याला धातूवर पसरायला मदत करतो. स्पर्शकोन ३०-३५ अंशांच्या खाली गेला की पाणी तिच्या माथ्यावर चढते. साबण एकाच वेळी दोन्ही आधार काढून घेतो.

मर्यादा स्वतः पाहायची असेल तर शिवणाच्या सुया उपयोगाच्या नाहीत. त्या सगळ्या सहज तरतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी लोखंडी जीआय तार यासाठी उत्तम, कारण ती गेजच्या हिशेबाने मिळते आणि गेज म्हणजे जाडी. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. वीस गेजची तार ०.९ मिलिमीटर, अठराची १.२, सोळाची १.६ आणि चौदाची दोन मिलिमीटर. प्रत्येकीचे पाच सेंटिमीटरचे तुकडे कापून घ्यावेत. पक्कडीने कापलेली टोके चपटी आणि धारदार होतात, ती कानशीने गोल करावीत. तुकडा अगदी सरळ असणे महत्त्वाचे आहे. दोन पाटांमध्ये ठेवून पुढे-मागे लाटला की बाक निघतो. मग बोटाने खोबरेल तेलाचा पुसट हात, आणि परातीत तीन-चार सेंटिमीटर स्वच्छ पाणी. तेल पाण्यात उतरेल इतके लावू नये, कारण पाण्यावर पसरलेला तवंगही पृष्ठताण कमी करतो.

तार सोडण्याची पद्धत जाडीप्रमाणे बदलते. बारीक तारेला टीपकागदाचा तुकडा चालतो: कागद पाण्यावर, तार कागदावर, आणि कागद भिजला की टोकाने हळूच खाली ढकलून काढायचा. जाड तारेला कागद एका बाजूने आधी बुडतो आणि तार कलते. तिला दोन दोऱ्यांच्या फासांमध्ये आडवी धरून दोन्ही टोके एकाच वेळी टेकतील अशी उतरवावी लागते. टोक आधी टेकले तर खेळ संपला. उभ्या धरलेल्या ०.८ मिलिमीटरच्या सुईला पृष्ठताणाचा आधार फक्त टोकाच्या घेराएवढा मिळतो, आणि तो तिच्या वजनाच्या आठव्या हिश्शाएवढाही नसतो.

उन्हात परात ठेवली तर तळावरची सावली पाहून भाराचा अंदाज घेता येतो. वाकलेला पृष्ठभाग प्रकाश बाहेरच्या बाजूला वळवतो, म्हणून सावली तारेपेक्षा बरीच रुंद पडते आणि तिच्या कडेने उजळ रेघ उठते. वीस गेजच्या तारेपेक्षा अठराची सावली स्पष्टपणे रुंद दिसते. अठरा गेजची तार सेंटिमीटरला ०.०९ ग्रॅम भरते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्यावर आली. ती तरते, पण टेबलाला धक्का लागला तर जाते.

सगळी परीक्षा सोळा गेजमध्ये आहे. सेंटिमीटरला ०.१६ ग्रॅम, जाडी १.६३ मिलिमीटर. ६० अंशांच्या स्पर्शकोनाला मर्यादा १.५५, ९० अंशांना १.७, ही तार बरोबर त्या दोन्हींच्या मध्ये पडते. ती तरेल की नाही हे तिच्या अंगावरचा तेलाचा हात ठरवतो. तरली तरी पाणी तिच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ उभे राहिलेले असते आणि वर फक्त कोरड्या धातूची एक अरुंद पट्टी उरते. त्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब पडला की दोन्ही बाजू जुळतात आणि तार तळाला जाते. गणितातले कमाल वजन आणि परातीतले कमाल वजन यांच्यात अंतर पडते ते या नाजूकपणामुळे. कमालीच्या जवळ समतोल असतो, पण चुकीला जागा नसते. पाणी कोमट असेल तर तीही कमी होते. उकळत्या पाण्याचा पृष्ठताण खोलीतल्या पाण्यापेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी कमी असतो.

मेणबत्तीचे मेण पातळ थरात चढवले तर स्पर्शकोन काटकोनापुढे जातो. ११० अंश धरले तर मर्यादा १.८ मिलिमीटरपर्यंत पोचते आणि सोळा गेज आरामात आत येते. आता पाणी तारेच्या अंगावर वर चढतच नाही, खालीच थांबते, आणि तारेच्या वर खोल, रुंद खळगा तयार होतो. इथे गॅलिलिओची हवा खऱ्या अर्थाने कामाला लागते. पाण्याला अजिबात न भिजणारा, १८० अंशांचा काल्पनिक लेप धरून हिशेब केला तर पोलादासाठी शेवटची मर्यादा दोन मिलिमीटरच्या आसपास येते: सेंटिमीटरला पाव ग्रॅम, चार सेंटिमीटरला एक ग्रॅम. चौदा गेजची तार २.०३ मिलिमीटर आहे. ती कोणत्याही लेपाने जमण्यासारखी नाही. पोती शिवायचे जाड दाभण दोन मिलिमीटरच्या पुढे गेले की त्याचीही हीच गत.

शिलाई मशीनची सुई हे यातले वेगळे प्रकरण आहे. तिच्या पाकिटावरचा ९०/१४ यातला ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर, सुईच्या दांडीची जाडी. ही जाडी मर्यादेच्या बरीच आत, आणि पूर्ण सुईचे वजनही लांबीच्या मानाने पाणी पेलू शकेल एवढेच असते. तरीही ती ठेवणे अवघड जाते, कारण घरगुती मशीनच्या सुईचे वरचे टोक, जे मशीनमध्ये स्क्रूने आवळतात, ते जवळपास दोन मिलिमीटर जाड असते. मर्यादा सेंटिमीटरमागची असल्यामुळे बारीक भागात शिल्लक असलेली ताकद जाड भागाला सहज उधार मिळत नाही. जाड टोक खाली झुकते, त्यावर पाणी चढते आणि बारीक टोकाला ओढत घेऊन जाते. हातशिलाईची सुई नेढ्याकडे थोडी जाड असते, पण तो फरक तिला चालून जातो.

धातू बदलला की सगळे आकडे बदलतात. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे. शिवाय त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा पाण्याचा नेहमीचा दाबच उचलतो, त्यामुळे पृष्ठताणावर पडणारा भार आणखी घटतो. काटकोनी स्पर्शकोन धरला तर ॲल्युमिनियमच्या सुईची मर्यादा साडेतीन मिलिमीटरच्या थोडी पुढे जाते. घरात विणकामाची भरीव ॲल्युमिनियमची, दोन्ही टोके निमुळती असलेली, तीन मिलिमीटरची सुई असेल तर ती तेलाचा हात लावून मोठ्या परातीत दोन दोऱ्यांनी उतरवून पाहावी. वीस सेंटिमीटर लांबीची अशी सुई सुमारे पावणेचार ग्रॅमची असते, शिवणाच्या सुईच्या वीसपटीहून जड. ती पाण्यावर राहते.